मातकट हवा, मळकट नको: ॲक्रिलिकमध्ये मातीचे तपकिरी आणि शेवाळी हिरवे रंग

मराठीत मातकट आणि मळकट हे दोन वेगळे शब्द आहेत, आणि पॅलेटवरचा सगळा घोळ या दोघांच्या मधल्या जागेत होतो. मातकट रंग शांत असतो, पण तो तांबूस आहे, पिवळसर आहे की हिरवट, हे लगेच सांगता येतं. मळकट रंगाचं तसं काही सांगता येत नाही. तो ना तांबूस, ना हिरवट, नुसताच राखाडी. गंमत म्हणजे दोन्हींसाठी ट्यूब त्याच लागतात. फरक पडतो तो कुठला रंग किती टाकला आणि कुठे थांबलं यात.

राखाडी नेमका कुठे होतो

तपकिरी हा काळपट केलेला नारिंगी असतो, एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं काम होतं. शेवाळी किंवा मेंदीचा हिरवा हा मुळात काळपट केलेला पिवळा असतो, त्यात हिरव्याकडे थोडा कल. म्हणजे तपकिरी करताना नारिंगी जिंकायला हवा आणि मातीचा हिरवा करताना पिवळा. बाकीच्या रंगांचं काम फक्त त्याचा भडकपणा उतरवण्याचं.

भडकपणा उतरतो तो समोरच्या रंगाने. नारिंगीसमोर निळा आणि हिरव्यासमोर लाल. समोरचा रंग थोडा घातला की मूळ रंग शांत होतो, आणखी घातला की गडद व मातकट होतो. दोघांचा जोर सारखा झाला की दोघेही एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो राखाडी. त्याच्याही पुढे गेलं तर मिश्रण समोरच्या रंगाच्या बाजूला जातं, म्हणजे तपकिरी करायला बसलेल्या माणसाच्या हाती निळसर करडा येतो.

इथे ‘सारखा’ म्हणजे जोर सारखा, ढीग सारखा नव्हे. फ्थॅलो ग्रीनचा एक ठिपका यलो ऑकरचा मोठा गोळा गिळून टाकतो. अल्ट्रामरीन त्यामानाने सौम्य, ऑकर आणखी सौम्य. म्हणून ‘अर्धा-अर्धा घेतला, तरी असं का झालं’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा ट्यूबच्या ताकदीत सापडतं.

दुसरं कारण रंगद्रव्यांची गर्दी. प्रत्येक रंगद्रव्य प्रकाशाचा काही भाग शोषून घेतं. दोन द्रव्यांच्या मिश्रणात एखादी छटा टिकून राहते. चौथं-पाचवं द्रव्य आलं की सगळ्याच बाजूंनी थोडाथोडा प्रकाश गिळला जातो. सॅप ग्रीनमध्ये बर्न्ट अंबर, त्यात थोडा क्रिमसन, मग ‘जरा गार वाटतोय’ म्हणून ऑकर, एवढं केलं की मळकट झालाच समजा. ॲक्रिलिकमधला सॅप ग्रीन बहुधा आधीच दोन-तीन द्रव्यांचं मिश्रण असतो. ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत द्रव्यांचे कोड छापलेले असतात. तिथे एकच कोड असेल तर ती ट्यूब मिसळायला चांगली. तीन कोड असतील तर ती तशीच वापरावी, मिश्रणाच्या भानगडीत पाडू नये.

पाच ट्यूब, आणि सहावी जपून

लेमन यलो, यलो ऑकर (PY42 किंवा PY43), बर्न्ट सिएना (PBr7 किंवा PR101), अल्ट्रामरीन ब्लू (PB29) आणि टिटॅनियम व्हाइट (PW6). मातीचे जवळजवळ सगळे रंग या पाचांत बसतात. सहावा फ्थॅलो ग्रीन (PG7), गडद झाडीसाठी. काळा मुद्दाम बाहेर ठेवला आहे. कार्बनचा काळा निळसर झुकतो, त्यामुळे सिएनात घातला की तपकिरीतली ऊब जाते आणि रंग जळालेल्या लाकडासारखा निर्जीव दिसतो. काळ्याचा एक उपयोग मात्र खरंच सुंदर आहे. लेमन यलोमध्ये अगदी कणभर काळा मिसळला तर फार छान ऑलिव्ह हिरवा मिळतो. तो करून बघावा, आणि मग काळ्याची ट्यूब परत डब्यात टाकावी.

बर्न्ट सिएना या यादीतला सगळ्यात कामाचा रंग. मुळात ती लोहयुक्त पिवळसर माती. भाजली की तिच्यातलं पाणी निघून जातं आणि ती तांबूस होते. जांभ्या दगडाचा तांबडेपणा आणि गेरूचा रंगही लोहाच्या ऑक्साइडचाच. म्हणजे कोकणातली भिंत रंगवायची तर निम्मा रंग ट्यूबमध्ये तयारच मिळतो.

मोजायचं कसं

ब्रशने मोजू नका. ब्रशच्या पोटात किती रंग शिरला ते कळत नाही. पॅलेट नाइफच्या टोकावर मुगाच्या दाण्याएवढा रंग घ्या आणि त्याला एक भाग म्हणा. पुढची सगळी मापं याच दाण्यांची आहेत. ती सुरुवातीची मापं आहेत. विद्यार्थी दर्जाच्या ट्यूबमध्ये द्रव्य कमी असतं, त्यामुळे एखाद-दुसरा भाग इकडेतिकडे होणारच.

एक सवय मात्र लावून घ्या. जो रंग जिंकायला हवा त्याचा ढीग आधी लावा, आणि समोरचा रंग त्याच्या शेजारी वेगळा ठेवून अर्ध्या-अर्ध्या दाण्याने आत ओढा. दर वेळी ढीग पूर्ण एकजीव होईपर्यंत नाइफने दाबून, घासून मिसळा आणि मगच पुढचा अर्धा दाणा घ्या. अर्धवट मिसळलेल्या ढिगात निळ्याच्या रेघा लपून राहतात. वरून रंग ‘अजून तांबूसच आहे’ असं वाटतं, आपण आणखी निळा घालतो आणि शेवटच्या घोटण्यात सगळा ढीग एकदम राखाडी होतो.

तपकिरी

बर्न्ट सिएनाचे सहा भाग घ्या. त्यात अल्ट्रामरीनचा एक भाग गेला की सिएनाचा विटकरी भडकपणा उतरतो आणि भाजलेल्या मातीचा तपकिरी येतो. दोन भागांना ओल्या झाडाच्या सालीसारखा गडद तपकिरी. तीन भागांना म्हणजे दोनास एक या प्रमाणात जवळजवळ कॉफीच्या बीसारखा. चार-साडेचार भागांनंतर धोक्याची हद्द सुरू होते. सहास सहाच्या आसपास जे मिळतं ते उत्तम काळं म्हणून वापरता येईल, तपकिरी म्हणून नाही.

इतका गडद ढीग पॅलेटवर नुसता काळाच दिसतो. तो तपकिरी आहे की राखाडी, हे ओळखायची एक सोपी चाचणी आहे. ढिगातून कणभर रंग बाजूला घेऊन त्यात तेवढाच पांढरा मिसळा. उजळला की त्याचा खरा कल उघडा पडतो. दुधाळ चहासारखा दिसला तर तपकिरी शाबूत आहे. पावसाळी आभाळासारखा दिसला तर निळा जिंकला. गडद मिश्रण कॅनव्हासवर जाण्याआधी दर वेळी ही चाचणी करा. तिला वीस सेकंद लागतात.

सिएना नसेल तर लेमन यलोचे चार भाग आणि नॅफ्थॉल रेडसारख्या गरम लालचा एक भाग मिसळून आधी स्वच्छ नारिंगी करा, मग त्यात अल्ट्रामरीन. क्रम महत्त्वाचा आहे. पिवळा, लाल, निळा असे तिन्ही एकदम ओतले तर कोण जिंकतंय ते दिसतच नाही. आधी नारिंगी नीट दिसू द्या.

हिरवा

हिरव्याकडे जायच्या दोन वाटा आहेत.

पहिली सौम्य आहे. लेमन यलोचे चार भाग आणि अल्ट्रामरीनचा एक. यातून मधला पानांचा हिरवा मिळतो, पण तो अजून प्लास्टिकच्या बादलीसारखा आहे. त्यात बर्न्ट सिएनाचा अर्धा भाग घाला. लगेच रंग खाली बसतो आणि बाहेर उन्हात दिसणाऱ्या झाडीसारखा होतो. एक भाग झाला की शेवाळी. दीड भागाला हिरवा तपकिरीच्या उंबरठ्यावर येतो. त्यापुढे जायचं असेल तर सिएना न घालता ऑकर घाला. ऑकर स्वतः पिवळ्या घराण्यातला असल्यामुळे रंग उतरवतो पण मारत नाही.

लेमन यलोऐवजी सुरुवातीपासूनच ऑकर घेतला, म्हणजे ऑकरचे पाच भाग आणि अल्ट्रामरीनचा एक, तर खूपच शांत, धुरकट हिरवा मिळतो. दूरच्या डोंगरासाठी तो चांगला. जवळच्या झाडासाठी मात्र तो मळकटाच्या फार जवळ आहे. कारण उघड आहे. ऑकरमध्ये थोडा तांबूसपणा असतो, अल्ट्रामरीनमध्ये जांभळेपणा असतो. म्हणजे दोघांच्याही खिशात लाल आहे, आणि लाल हिरव्याच्या समोरचा. आपण लाल घातलाच नाही असं वाटतं, पण तो आधीच आत बसलेला असतो. अशा मिश्रणात वर पुन्हा सिएना घातला तर राखाडी व्हायला वेळ लागत नाही.

दुसरी वाट जोरदार. गडद झाडी, आंब्याच्या जुन्या पानांची आतली सावली, यासाठी बर्न्ट सिएनाचे तीन भाग आधी लावा आणि त्यात फ्थॅलो ग्रीन पाव-पाव भागाने आणा. तपकिरी आधी काळपट होतो, मग एका टप्प्यावर अचानक गडद हिरव्याकडे वळतो. वळल्याबरोबर थांबा आणि पांढऱ्याची चाचणी करा. उलट केलं, म्हणजे फ्थॅलोच्या ढिगात सिएना टाकत गेलं, तर त्या हिरव्याला शांत करता करता ताटभर रंग तयार होतो आणि सिएनाची ट्यूब संपते.

उजळ करताना होणारी फसगत

सुंदर तपकिरी झाला, थोडा उजळ हवा म्हणून पांढरा घातला आणि रंगाचा जीव गेला. हे सगळ्यांच्या बाबतीत होतं. टिटॅनियम व्हाइट रंग उजळ करतो, त्याच वेळी फिका करतो आणि थोडा थंडही करतो. सिएनात पांढरा घातला की तो पावडर लावल्यासारखा गुलाबी होतो. सिएना-अल्ट्रामरीनच्या मिश्रणात घातला की आत दडलेला निळा वर येतो.

म्हणून पांढरा एकटा पाठवू नका. ऑकरचे दोन भाग आणि पांढऱ्याचा एक भाग असा वेगळा ढीग करून ठेवा आणि तपकिरी त्याने उजळवा. हिरव्यासाठी लेमन यलोचे दोन आणि पांढऱ्याचा एक. तरीही फार फिका करायचा असेल तर पांढऱ्यानंतर शेवटी मूळ रंगाचा, म्हणजे तपकिरीत सिएनाचा, अर्धा दाणा परत घाला. ऊब परत येते.

यात आणखी एक भर पडते. ॲक्रिलिक ओलं असताना त्यातला बाइंडर दुधाळ असतो, वाळल्यावर तो पारदर्शक होतो. त्यामुळे प्रत्येक रंग वाळल्यावर थोडा गडद दिसतो. ओल्या रंगावर विश्वास ठेवून गडद तपकिरी लावला की दुसऱ्या दिवशी तो काळाच भासतो. त्याच कॅनव्हासच्या किंवा कागदाच्या तुकड्यावर बोटभर पट्टा ओढा, हेअर ड्रायरने वाळवा आणि तो बघून ठरवा. पट्टा पांढऱ्या कागदावर असेल तर भोवतालच्या पांढऱ्यामुळे तो आहे त्याहून गडद आणि उदास दिसतो. त्यामुळे तुकड्याला आधीच पातळ ऑकरचा हात मारून ठेवलेला बरा. चित्रालाही तसाच मारला तर आणखी बरं.

एक गडगा, पाच ढीग

आता हे सगळं एका चित्रात. कोकणातला जांभ्याचा गडगा, नोव्हेंबरची सकाळ, तिरपं ऊन. पावसाळ्यातलं शेवाळ अजून आहे पण सुकू लागलंय. पायथ्याशी वाळतं गवत. ए-फोर आकाराच्या चित्राला खालचे ढीग पुरतात. मोठ्या भागाला कमी पडले तर त्याच प्रमाणात दुप्पट करा.

ऊन पडलेला दगड: सिएना सहा, ऑकर चार, पांढरा एक. हा उबदार तांबूस-नारिंगी यायला हवा. गुलाबी झाला तर पांढरा जास्त पडलाय, त्याला ऑकरचा आणखी एक भाग द्या. ताज्या तोडीचा दगड असाच उजळ असतो.

जुना, उन्हापावसाने काळवंडलेला दगड: सिएना सहा, अल्ट्रामरीन दीड. यात पांढरा नाही.

सावली: जुन्या दगडाचा अर्धा ढीग वेगळा काढा आणि त्यात अल्ट्रामरीनचा एक भाग घाला. हात इथेच थरथरतो, कारण हा रंग उन्हातल्या नारिंगी दगडाशेजारी ठेवला की चक्क निळसर करडा भासतो. तो भास आहे. नारिंगीच्या शेजारी कुठलाही शांत रंग निळ्याकडे ढकलला जातो. एका कागदाला छोटं भोक पाडून त्यातून फक्त सावलीचा रंग बघा. भोकातून तपकिरी दिसला तर त्याला हात लावू नका. खऱ्या गडग्याच्या सावलीतही तो तसाच असतो.

शेवाळ: लेमन यलो चार, अल्ट्रामरीन एक, सिएना एक. उन्हात सुकलेल्या कडांसाठी यातलाच थोडा रंग घेऊन ऑकरचे दोन भाग. शेवाळाच्या बाबतीत भास उलट्या दिशेने काम करतो. तांबड्या दगडावर हिरवा जास्तच हिरवा दिसतो. म्हणून पॅलेटवर जो ढीग ‘जरा मेलेला’ वाटेल तोच दगडावर बरोबर बसतो. पॅलेटवर छान दिसणारा हिरवा भिंतीवर पोपटासारखा ओरडतो.

गवत: ऑकर पाच, पांढरा तीन, शेवाळाच्या ढिगातला अर्धा भाग, म्हणजे अर्धा दाणा. तो अर्धा भाग नसेल तर गवत बिस्किटासारखं दिसतं.

या पाच ढिगांत मिळून पाचच ट्यूब आहेत, आणि सिएना पाचही ढिगांत आहे, गवतात शेवाळामार्फत. त्यामुळे वेगळी मेहनत न घेता सगळे रंग एकाच मातीचे वाटतात. गोवा-कोकणातली कावी कला तांबडी माती आणि चुना एवढ्यावरच चालते, तिच्याकडे बघितलं की कमी रंगांत किती होतं ते कळतं.

लावताना दोन गोष्टी. थर अर्धवट वाळलेला, चिकट असताना त्यावर दुसरा रंग घासू नका. खालचा उखडून वरच्यात मिसळतो आणि पॅलेटवर टाळलेला चिखल कॅनव्हासवर होतो. एक तर ओल्यावर ओला पटकन लावा, नाहीतर पूर्ण वाळू द्या. आणि पाण्याची भांडी दोन ठेवा, एक ब्रश धुवायला, एक फक्त ओला करायला. हिरव्या ब्रशच्या पाण्यात बुडालेला तपकिरी ब्रश प्रत्येक फटक्यात थोडा राखाडी सोडत जातो, आणि दोष मात्र मिश्रणावर येतो.

बिघडलंच तर

ढीग राखाडी झाला की त्यात मूळ रंग ओतत बसायचा मोह होतो. सहा दाण्यांचा राखाडी ढीग परत तपकिरी करायला निदान चार-पाच दाणे सिएना जातो आणि गरजेच्या दुप्पट रंग तयार होतो. त्याऐवजी राखाडीचा पाव ढीग बाजूला काढा आणि तो सिएनाच्या नव्या ढिगात घाला. आता तो राखाडी फक्त भडकपणा उतरवण्याचं काम करतो, जे आधी निळा करत होता. उरलेला राखाडी झाकून ठेवा, पुढच्या तपकिरीला तोच कामी येईल. हवाबंद डब्यात ओला टिश्यू, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, अशा ओल्या पॅलेटवर तो काही दिवस टिकतो. मे महिन्यात उघड्या प्लेटवर दहा मिनिटांत त्याला साय धरते.

दुरुस्त करताना नवा रंग आणू नका. तपकिरी निळसर झाला तर सिएना. हिरवा तपकिरी झाला तर लेमन यलो, आणि तरीही हिरवा येत नसेल तर कणभर निळा. ‘थोडा लाल घालून बघू’ म्हटलं की आणखी एक द्रव्य आत आलं.

वाळलेला भाग राखाडी दिसत असेल तर तो खरवडायची गरज नाही. त्याच्यावर पारदर्शक थर द्या. सिएनाचा एक भाग आणि ग्लेझिंग मीडियमचे सहा ते आठ भाग मिसळून मऊ ब्रशने पातळ फिरवा, आणि जास्त वाटलं तर लगेच सुती फडक्याने टिपून घ्या. खालचा उजेड-अंधार तसाच राहतो, ऊब तेवढी वर चढते. राखाडी हिरव्यावर सिएनाऐवजी लेमन यलोचा असाच थर. पातळ करायला नुसतं पाणी भरपूर वापरलं तर थर कमजोर होतो आणि पुढच्या हाताला निघून येऊ शकतो, म्हणून मीडियम.

थर देण्याआधी ट्यूबवरचा छोटा चौकोन बघा. मोकळा चौकोन म्हणजे रंग पारदर्शक, पूर्ण भरलेला म्हणजे अपारदर्शक. सिएनाच्या काही ट्यूब पारदर्शक असतात, काही नसतात. भरल्या चौकोनाच्या रंगाचा पातळ थर दिला तर तो गडद भागावर धुक्यासारखा बसतो आणि राखाडी आणखी राखाडी दिसतो. तशी ट्यूब असेल तर ग्लेझ सोडून द्या, त्या भागावर नवा ढीग जाडसर लावा.